एप्रिलचं बजेट ऑगस्टमध्ये का फाटतं? अकोल्याच्या एका जिनिंगचा हिशोब

शेअर बाजाराचं ॲप फोनमध्ये असेल तर २०२५ मध्ये इन्फोसिसबद्दल तीन नोटिफिकेशन तुम्ही पाहिली असतील. एप्रिलमध्ये कंपनी म्हणाली, यंदा उत्पन्न ० ते ३ टक्के वाढेल. जुलैमध्ये आकडा झाला १ ते ३ टक्के आणि ऑक्टोबरमध्ये २ ते ३ टक्के. कमेंटमध्ये एकाने लिहिलं होतं, "यांना स्वतःचाच धंदा कळत नाही का?"

मला तो प्रश्न आवडला, कारण माझे अकोल्याचे मामाही आधी असंच म्हणायचे. त्यांची छोटी जिनिंग-प्रेसिंग आहे. मी अमरावतीला राहतो, पण त्यांची एक्सेल शीट माझ्याकडे असते. दर एप्रिलला बँकेसाठी वर्षाचं बजेट बनायचं, फाईलला लागायचं आणि पुढच्या एप्रिललाच उघडायचं. २०२५ मध्ये ते चार महिनेही टिकलं नाही.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर आकडे डोक्यावरून जातील. शेतकऱ्याकडून येतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्यातून रुई आणि सरकी वेगळी होते. १०० किलो कापसात साधारण ३४ किलो रुई, ६५ किलो सरकी, बाकी कचरा. रुईचा भाव खंडीवर सांगतात आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शीटमध्ये B2 ला क्विंटल आणि B3 ला रुईचा टक्का असेल तर खंड्या अशा निघतात:

```
=B2*100*B3/356
```

आता एप्रिलचं बजेट. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी ते गोल केलेत. कापूस ७,५०० रुपये क्विंटल धरला. साडेदहा क्विंटलचे झाले ७८,७५०. त्यातून निघणारी ६.८ क्विंटल सरकी ३,४०० च्या भावाने विकली की २३,१२० परत येतात. खंडीमागे १,५०० रुपये मजुरी, वीज वगैरे. एक खंडी रुई पडली ५७,१३० ला. विकायची ५८,००० ला. सुटले ८७० रुपये. १०,५०० क्विंटल घेतला तर साधारण हजार खंड्या, म्हणजे पावणेनऊ लाख. मामा खूश.

२८ मे २०२५ ला केंद्र सरकारने नव्या हंगामाचा हमीभाव जाहीर केला. लांब धाग्याचा कापूस ७,५२१ वरून ८,११० वर गेला. शीटमध्ये फक्त तो एक आकडा बदला. खंडी पडते ६३,५०० च्या पुढे आणि विक्री अजून ५८,००० चीच. खंडीमागे साडेपाच हजारांचा खड्डा.

मामा म्हणाले, "अरे बावा, आपण काऊन हमीभाव द्यायचा? आपण बाजारभावानं घेऊ ना." बरोबर आहे, खासगी खरेदीला हमीभावाचं बंधन नाही. पण मग चांगला कोरडा कापूस सीसीआयच्या केंद्रावर जातो, कारण तिथे ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. तुमच्या दारात येतो तो ओला किंवा हलका माल, आणि तोही थोडा. म्हणजे बजेटमधला भाव वाचवायला गेलात तर १०,५०० क्विंटल हा आकडा हातातून जातो. आमच्या वार्षिक बजेटमध्ये हे दोन आकडे एकमेकांशी जोडलेलेच नव्हते.

इथे आम्ही पहिल्यांदा रोलिंग पद्धत वापरली. प्रत्येक तिमाही संपली की ती शीटमधून काढायची आणि पुढे एक नवी तिमाही जोडायची. कधीही बघा, समोर चार तिमाह्या असतातच. जुलैमध्ये आमची शीट पुढच्या जूनपर्यंत पोचली. इन्फोसिसचं थोडं वेगळं आहे. त्यांचं वर्ष मार्चलाच संपतं, फक्त त्या वर्षाचा अंदाज बदलत राहतो. डिसेंबर संपला की समोर तीनच महिने उरतात.

जिनिंगला हा फरक जीवावरचा आहे. आपल्या वऱ्हाडात कापूस यायला लागतो दिवाळीच्या आसपास, खरेदी चालते फेब्रुवारी-मार्चपर्यंत, आणि ३१ मार्चला गोदामात गाठी शिल्लक असतात. त्या विकल्या जातात एप्रिल ते जूनमध्ये. म्हणजे एकाच हंगामाचा खर्च एका आर्थिक वर्षात आणि पैसा दुसऱ्यात. मार्चवर थांबणाऱ्या बजेटला अर्धा हंगामच दिसतो.

जुलैच्या शीटमध्ये आम्ही स्वतःची खरेदी ३,५०० क्विंटलवर आणली. उरलेली मशीनची ताकद सीसीआयच्या कामासाठी ठेवायची ठरवली. सीसीआय आपला कापूस खासगी जिनिंगकडून ठेक्याने काढून घेते, त्यासाठी हंगामाआधी टेंडर निघतं. त्यात नफा बारीक, पण भावाची जोखीम त्यांची. ही सगळ्यात मोठी गोष्ट होती. टेंडरची तारीख निघून गेल्यावर शहाणपण आलं असतं तर काही उपयोग नव्हता. बँकेची कॅश क्रेडिट लिमिटही कमी मागितली, वाचलं ते व्याज.

मग १९ ऑगस्ट. सरकारने आयात कापसावरचा ११ टक्के कर आधी ३० सप्टेंबरपर्यंत उठवला आणि २८ ऑगस्टला ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मधेच २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यात कापडही आलं. सीसीआयने आपल्या गाठींचे दर उतरवले. आम्ही रुईचा भाव ५५,००० धरून शीट पुन्हा चालवली. एप्रिलच्याच भावाने कापूस मिळाला तरी खंडीमागे २,१३० चा तोटा. जुन्या बजेटवर हजार खंड्यांना एकवीस लाख गेले असते.

ही दुरुस्ती तिमाहीच्या मधेच करावी लागली, हे लपवत नाही. तीन महिन्यांचं वेळापत्रक कापसासाठी कधीकधी संथ पडतं. म्हणून आता नियम केलाय: हमीभाव, आयातकर किंवा रुईचा भाव ५ टक्क्यांहून जास्त हलला की शीट लगेच उघडायची. बाकी मजुरी, पॅकिंग, डिझेल यांना हात लावायचा नाही. पहिल्या वेळी मी चाळीस ओळी बदलत बसलो होतो आणि दोन रविवार गेले. निकाल बदलला तो चारच ओळींनी: कापसाचा भाव, रुईचा भाव, सरकी आणि आवक.

या पद्धतीचा एक धोकाही आहे. अंदाज दर तिमाहीला बदलता येतो म्हटलं की तो पळवाट बनतो. विक्री कमी झाली? अंदाज खाली करा, आणि काम "अंदाजाप्रमाणे" झालं! म्हणून अंदाज आणि लक्ष्य वेगळं ठेवावं लागतं. मामांचं लक्ष्य वर्षभर एकच आहे: एका खंडीला साडेदहा क्विंटलपेक्षा जास्त कापूस लागू द्यायचा नाही. बाजार काहीही करो, ते त्यांच्या हातात आहे.

माझी स्वतःची चूकही सांगतो. जुलैमध्ये मी एप्रिलचे आकडे पुसून त्यावरच नवे लिहिले. नंतर आपण कुठे चुकलो हे शोधायला गेलो तर जुनं काहीच नव्हतं, शेवटी बँकेकडून प्रत मागवली. आता प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा टॅब आहे. तीन टॅब शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की रुईचा भाव मामा प्रत्येक वेळी खऱ्यापेक्षा जास्त धरतात. कधी वर, कधी खाली चूक असती तर तो बाजार. दरवेळी एकाच बाजूला, म्हणजे ती मामांची आशा.

जानेवारीच्या टॅबमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर २०२६ चा रकाना जोडला, तेव्हा रुईच्या भावाच्या चौकटीत मी दोन आकडे ठेवले. एक मामांचा, एक माझा. लिमिट कोणत्या आकड्यावर मागायची यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.