गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि पायांवरचे केस

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका सुनेचा हात धरून माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६७, मधुमेह १२ वर्षांपासून, आणि येत्या सोमवारी उजव्या गुडघ्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया ठरलेली. रक्ताच्या तपासण्या, हृदयाचा आलेख, सारे काही यथास्थित होते. तक्रार अगदीच किरकोळ वाटावी अशी होती. "डॉक्टर, पायांवर जरा पुरळ आलंय. सोमवारपर्यंत जाईल ना?" असे त्यांनी विचारले.

साडी गुडघ्यापर्यंत वर घेतल्यावर मला जे दिसले, त्याने मी चिंतेत पडलो. उजव्या पायाच्या नडगीवर आणि गुडघ्याच्या वाटीभोवती वीसेक लालसर पुळ्या होत्या. त्यांपैकी चारांच्या टोकाला पिवळा पू होता आणि प्रत्येकीच्या मधोमध एक केस. उरलेल्यांपैकी काहींत, भिंग धरून पाहिले तेव्हा, त्वचेच्या आत वेटोळे घालून बसलेला केस काळ्या रेघेसारखा दिसत होता.

चौकशी करता सारा उलगडा झाला. शस्त्रक्रियागृहात परक्या माणसांसमोर पाय उघडे पडणार, ते नीटनेटके असावेत, या संकोचापोटी बाईंनी १० दिवसांपूर्वी सुनेकडून रेझरने पायांवरचे केस काढून घेतले होते. सहा दिवसांत खुंट हाताला टोचू लागले, म्हणून पुन्हा एकदा तेच केले. "तिथे काढतातच ना केस, मग आपणच काढून गेलेलं बरं," असे सुनेचे म्हणणे. त्यात तिची चूक म्हणता येणार नाही. मी इंटर्नशिप करीत होतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डात वस्तरा घेऊन माणूस येई आणि पोट असो वा पाय, सारे सफाचट करून जाई. तीच समजूत अजून घराघरांत टिकून आहे.

आता ती पद्धत चुकीची ठरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की शस्त्रक्रियेपूर्वी केस शक्यतो काढूच नयेत. काढणे अगदी अपरिहार्य असेल तर ते केवळ क्लिपरने, म्हणजे केस मुळाशी न खरवडता आखूड कापणाऱ्या यंत्राने, काढावेत. वस्तऱ्याला त्यांनी सक्त विरोध केला आहे. कारण साधे आहे. पाते केसाबरोबर त्वचेचा अतिसूक्ष्म थरही खरवडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या ओरखड्यांत आपल्याच त्वचेवरचे जंतू शिरून वाढतात. कृत्रिम सांध्याभोवती असा संसर्ग झाला तर तो निपटून काढणे अत्यंत कठीण असते, आणि कधी बसवलेला सांधा पुन्हा काढावाही लागतो.

बाईंच्या पायावर दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या, आणि त्या वेगळ्या ओळखता येणे घरच्या माणसांना फार उपयोगाचे आहे. दाढीसारखा घासून कापलेला केस तिरका, भाल्याच्या टोकासारखा अणकुचीदार होतो. त्वचा ताणून धरली असेल तर कापलेला केस पुन्हा आत ओढला जातो. मग वाढताना तो बाहेरची वाट सोडून बाजूच्या त्वचेतच घुसतो, आणि शरीर त्याला बाहेरून आलेला काटा समजून सूज आणते. वॅक्सिंगमध्ये केस मुळासकट निघाला तर नव्याने येणारे टोक बारीक आणि नाजूक असते. रंध्रावर मृत त्वचेचे झाकण असले की ते आतच वळते. केस मध्येच तुटला, तर तीच गत. हा झाला आत वळलेला केस. तो साधारण आठवडाभराने दिसतो, खाजतो, त्यात केसाची रेघ वा वेटोळे दिसते आणि पू बहुधा नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे केसाच्या मुळाला झालेला जंतुसंसर्ग, ज्याला आपण केसतोड म्हणतो, त्याचीच ही लहान भावंडे. ही पुळी दोन-तीन दिवसांतच उठते, दुखते आणि टोकाला पू धरते. पहिल्या प्रकाराला धीर पुरतो, दुसऱ्याला औषध लागू शकते.

बाईंची आणखी एक गुंतागुंत होती. औषधाच्या दुकानातून आणलेले एक मिश्र मलम त्या तीन दिवस चोळत होत्या. आपल्याकडे खाज म्हटली की हेच मलम हातात पडते: तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक, तिन्ही एकाच नळीत. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटते. आत जंतू मात्र निर्धास्त वाढतात. म्हातारपणी मुळातच पातळ झालेली त्वचा त्याने अधिकच पातळ होते. शिवाय लिंबू आणि हळदही लावून झाली होती. खरवडलेल्या त्वचेवर लिंबाचा रस ही जळजळीची हमी आहे.

मी त्यांच्या शल्यविशारदांना तिथूनच फोन लावला. अपेक्षेप्रमाणे त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. बाईंचे डोळे भरून आले. मुलगा परदेशातून रजा काढून आला होता. त्या क्षणी त्यांना समजावणे मला सोपे गेले नाही, हे कबूल करतो.

उपचार फारसा नव्हता. मिश्र मलम, हळद, लिंबू सारे बंद. थंड पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ सुती फडके दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे. पू असलेल्या चार पुळ्यांवर आणि त्यांच्या लगत म्युपिरोसिन मलम दिवसातून तीनदा, पाच दिवस. उरलेल्या खाजणाऱ्या जागी कॅलामाइन. त्वचा सुकली की सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर. पायांना घट्ट मोजे नाहीत, सैल सुती परकर. लाल भागाच्या कडेने मी पेनाने रेघ ओढून दिली आणि सुनेला सांगितले की लाली रेघेबाहेर गेली, पाय गरम लागला वा ताप आला तर रात्रीही फोन करा. उपाशीपोटीची साखर १९० होती. तिची औषधेही सुधारली. आठव्या दिवशी पू गेला होता, दोन आठवड्यांत फक्त तपकिरी डाग उरले. शल्यविशारदांनी पाहून नवी तारीख दिली आणि चौथ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डाग जायला काही महिने लागतात, त्यांना घासून काढण्याचा अट्टहास करू नये.

वाचकहो, ज्यांना शस्त्रक्रिया नाही पण पायांवरचे केस नकोसे वाटतात, अशाही पुष्कळ भगिनी आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे. वय झाले म्हणून टापटीप सोडावी असे मी म्हणणार नाही. त्यांना माझी पहिली शिफारस इलेक्ट्रिक ट्रिमरची. तो एक-दोन मिलिमीटर केस ठेवतो, म्हणून टोक आत वळण्याची शक्यता फारच कमी होते. रेझरच वापरायचा असेल तर स्नानाच्या शेवटी, कोमट पाण्याने केस मऊ झाल्यावर, जेल लावून, नवे पाते केसांच्या दिशेने एकदाच फिरवावे. त्वचा ताणू नये, त्याच जागी पुनःपुन्हा घासू नये. केस काढणारी रासायनिक क्रीम केसाला बोथट टोक देतात, पण वृद्ध त्वचेची आग करू शकतात, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहावी. वॅक्सिंग मात्र ज्यांची त्वचा कागदासारखी झाली आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वा स्टेरॉइड घेतात, ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, त्यांनी टाळावे. पट्टीबरोबर कातडी सोलून आलेली मी दोनदा पाहिली आहे.

आता बाजारातल्या गोष्टींविषयी. केस आत वळू नये म्हणून सर्वांत उपयोगी म्हणजे मृत त्वचेचे झाकण हळुवार सैल करणारे द्रव्य. वृद्धांसाठी १० टक्के युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेले मॉइश्चरायझर मी पसंत करतो, कारण ते कोरडेपणाही घालवते. तरुण, निरोगी त्वचेला २ टक्के सॅलिसिलिक आम्लाचे लोशन एक दिवसाआड रात्री चालते. यांपैकी काहीही केस काढलेल्या दिवशी लावू नये, दोन-तीन दिवस थांबावे. ज्यांना मधुमेहामुळे पायांत बधिरपणा आहे किंवा रक्ताभिसरण मंद आहे, त्यांनी सॅलिसिलिक आम्ल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायांना लावू नये. भाजल्यासारखी जखम झाली तरी त्यांना कळत नाही. खाज अनावर असेल आणि पू नसेल, तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचा पातळ थर दिवसातून दोनदा, तीन-चार दिवसच. दुकानदार त्याऐवजी मिश्र मलम पुढे करील. नळीवरची नावे वाचून ते परत द्यावे.

आत वळलेला केस सुईने उकरण्याचा मोह पुष्कळांना होतो. मधुमेह असेल तर सुईला हात लावू नये. नसेल आणि केसाचे वेटोळे त्वचेबाहेर डोकावत असेल, तर कोमट शेकानंतर निर्जंतुक चिमट्याने ते टोक फक्त मोकळे करावे, उपटू नये. उपटलेल्या जागी नवा केस त्याच वाटेने आत जातो. बहुतेक केस तीन-चार आठवड्यांत वाढत वाढत आपोआप बाहेर पडतात, मात्र तोवर त्या जागी पुन्हा पाते फिरवू नये.

आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर, ती गुडघ्याची असो वा मोतीबिंदूखेरीज अन्य कशाची, केसांचे काय करायचे ते रुग्णालयाला विचारावे. बाईंना आता डाव्या गुडघ्याचीही तारीख मिळाली आहे. परवा त्या आल्या तेव्हा सून हसत म्हणाली, "रेझर मी कपाटात वर ठेवून दिलाय, आईंच्या हाताला लागणार नाही असा."