संगणकाच्या तासाला : बाटली काढली, पण भोक कोण भरणार?

गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाचं लक्ष्मीपूजन भाड्याच्या शाळेत, व्यायामशाळेच्या हॉलमध्ये झालं. तिथल्या रांगोळीचा एक फोटो छान आला होता: चार मुलं, मधोमध रांगोळी, मागे पिवळसर भिंत. पण भिंतीवर आगीच्या घंटेची लाल पेटी होती आणि रांगोळीच्या उजवीकडे कोणीतरी विसरलेली निळी पाण्याची बाटली. "ताई, ती बाटली काढून टाका ना," असं दोघातिघांनी सांगितलं. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ते मी स्वतः न करता सातवी-आठवीच्या वर्गापुढे ठेवलं. त्यातून पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिकांचा पाठ तयार झाला. घरी मुलांबरोबर करून बघता यावा म्हणून तो इथे देते.

साधन म्हणून `Photopea` घेतलं. ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच उघडतं. खातं काढावं लागत नाही आणि फोटो आपल्याच संगणकावर राहतो. बाजूला जाहिराती दिसतात, तेवढ्या सोसाव्या लागतात.

पहिली तासिका : काढणं

पहिली दहा मिनिटं संगणक बंद. प्रत्येक जोडीला त्या फोटोच्या दोन छापील प्रती आणि एक कात्री दिली. "एका प्रतीतून बाटली कापून काढा." सगळ्यांनी कापली. "झाली का गेली?" एक मुलगा म्हणाला, "गेली, पण भोक पडलं." मला नेमकं हेच हवं होतं. बाटलीच्या मागची जमीन कॅमेऱ्यानं कधी पाहिलीच नाही, त्यामुळे ती फोटोत कुठेही दडलेली नाही. फोनचा हा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलांचा. त्यात बाटलीनं व्यापलेला चौकोन साधारण १६० बाय ४२० चा, म्हणजे ६७,२०० पिक्सेल. तेवढे पिक्सेल आपल्याला दुसरीकडून आणायचे आहेत. मुलांनी दुसऱ्या प्रतीतून जमिनीचा तुकडा कापून भोकावर चिकटवला. काही तुकडे जुळले, काहींत फळ्यांच्या रेघा तिरक्या गेल्या. आता संगणक सुरू केले.

सुरुवातीला एकच सवय लावायची: मूळ फोटोला हात लावायचा नाही. `Layer` मेनूतून थराची प्रत काढायची आणि त्या प्रतीवरच काम करायचं. फाइलही `Save as PSD` करून ठेवायची, म्हणजे मूळ थर खाली तसाच राहतो.

मग लाल पेटी. ती मोकळ्या भिंतीवर असल्यामुळे `Spot Healing Brush Tool` पुरतं. ब्रश पेटीपेक्षा थोडा मोठा घ्यायचा आणि एकदा फिरवायचा. हे साधन आजूबाजूचा पोत उचलतं आणि त्याची उजळ-अंधारी छटा शेजारच्या भिंतीशी जुळवतं. इथे ते महत्त्वाचं होतं, कारण भिंत खिडकीकडे उजळ आणि कोपऱ्याकडे मंद होती. नुसता तुकडा आणून चिकटवला असता तर ठिगळ दिसलं असतं.

मुलं खूष झाली आणि तोच ब्रश बाटलीवर फिरवला. इथे फजिती झाली. बाटलीच्या मागून बास्केटबॉलच्या मैदानाची काळी रेघ जात होती. ब्रशनं छटा जुळवायच्या नादात काळा रंग लाकडात पसरवला आणि धुरासारखा डाग उमटला. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: मोकळ्या जागी हीलिंग, कडेपाशी क्लोन.

`Clone Tool` छटा जुळवत बसत नाही, दाखवाल ते जसंच्या तसं आणून ठेवतं. आधी फोटो २०० टक्के मोठा करायचा. `Alt` दाबून काळ्या रेघेच्या बरोबर काठावर टिचकी मारायची, ही झाली उचलायची जागा. मग बाटलीवर जिथे ती रेघ यायला हवी तिथे, त्याच काठावरून, रंगवायला सुरुवात करायची. पहिला फटका एका पिक्सेलनं चुकला तरी रेघेत पायरी दिसते. अशा वेळी पुढे रेटायचं नाही, `Ctrl+Z` करून पुन्हा सुरुवात करायची.

उचलायची जागा कुठली निवडायची यात अर्धा पाठ आहे. जमिनीच्या फळ्या दूर जातील तशा फोटोत अरुंद होतात. म्हणून बाटलीच्या वरची किंवा खालची जमीन उचलली तर फळ्यांची रुंदी जुळत नाही. डावी-उजवीकडची, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरची जमीन घ्यायची.

बाटली गेल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. मी विचारलं, "नीट बघा, काही राहिलंय?" बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सावली!" वस्तू नसलेली सावली जमिनीवर तशीच पडली होती, आणि पॉलिश केलेल्या लाकडात निळसर प्रतिबिंबही होतं. वस्तूबरोबर तिची सावली आणि तिचं प्रतिबिंबही काढावं लागतं. दरवर्षी जवळजवळ सगळा वर्ग हे विसरतो.

शेवटची पाच मिनिटं जोड्यांनी एकमेकांचे फोटो तपासले. खूण सोपी होती: लाकडातली एखादी गाठ दोनदा दिसते का? एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा उचललं की अशी जुळी नक्षी तयार होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं बैरूतवरच्या धुराचं एक छायाचित्र मागे घेतलं, ते याच खुणेमुळे. धुराचे लोट जास्त दिसावेत म्हणून ते क्लोन केले होते आणि सारखेच गोळे एकाखाली एक दिसत होते. पुढे संस्थेनं त्या छायाचित्रकाराची सगळी ९२० छायाचित्रं विक्रीतून काढून टाकली. मुलांना हे सांगितल्यावर ती आपल्या लाकडातल्या गाठी फार बारकाईनं मोजू लागली.

दुसरी तासिका : घालणं

आता रांगोळीशेजारी एक पणती ठेवायची. पणतीचा फोटो `File` मेनूतल्या `Open & Place` नं आणला की तो नव्या थरावर येतो. नको असलेला भाग खोडरबरानं पुसण्याऐवजी मास्क लावायचा. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. खोडलेलं परत येत नाही, लपवलेलं येतं.

सगळ्यांच्या पणत्या हवेत तरंगत होत्या, कारण त्यांना सावली नव्हती. पणतीच्या थराखाली नवा थर घेतला, मऊ काळा ब्रश घेतला आणि थराची `Opacity` ३५ टक्क्यांवर आणली. सावली दोन भागांत काढायची: पणती जमिनीला टेकते तिथे बारीक आणि गडद, बाहेर जाईल तशी रुंद आणि फिकट. सावलीची दिशा मुलांच्या पायांच्या सावल्या बघून ठरवायची. बारीक गडद रेघ आली की पणती जमिनीवर बसते. एका मुलीनं विचारलं, "पणती पेटलेली आहे, मग जमिनीवर उजेड का नाही?" अगदी बरोबर! तिनं वेगळ्या थरावर थोडा केशरी रंग फिकट करून पसरला, आणि वर्गातली सगळ्यात खरी पणती तिची ठरली.

हीच मुलगी पुढच्या आठवड्यात दोन फोटो घेऊन आली. एक घरच्या पाडव्याचा, दुसरा सांगलीच्या आजीचा. आजीला व्हिसा मिळाला नव्हता. "तिला आमच्यात बसवायचंय," ती म्हणाली.

पणतीपेक्षा हे फार अवघड निघालं. आजीवरचा उजेड डावीकडच्या खिडकीतून आला होता, घरातला दिवा उजवीकडे होता. तिनं आजीचा फोटो आरशासारखा उलटवला. उजेड जुळला, पण आजीचा पदर उजव्या खांद्यावर गेला! तिच्या आईनं लांबूनच बघून विचारलं, "आईंनी पदर असा का घेतलाय?" शेवटी फोटो सुलटा ठेवला आणि आजीला अशा कडेला बसवलं, जिथे डावीकडच्या खिडकीचा उजेड येतो आहे असं वाटू शकेल. मोठ्या प्रिंटमध्ये कानाजवळची केसांची कड अजून कापल्यासारखी दिसते. सुटे केस मास्कमध्ये नीट पकडायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर एवढं कसब मलाही नेहमी साधत नाही.

फोटो फ्रिजवर लागला. काही दिवसांनी तिच्या पाच वर्षांच्या भावानं विचारलं, "आजी आली होती तेव्हा मी कुठे होतो?" ती मला हे सांगायला आली तेव्हा हसत नव्हती. "मिस, मी त्याला काय सांगू?"

या पाठाला मी एक छोटा कागद जोडला होता. प्रत्येक फोटोबरोबर तीन ओळी लिहायच्या: काय काढलं, ती जागा कशानं भरली, काय घातलं. मुलांना तो गृहपाठाचा कंटाळवाणा भाग वाटायचा. तिनं तो कागद मागून घेतला, आणि आता फ्रिजवरच्या फोटोखाली तिच्या अक्षरात मराठीत लिहिलंय: "आजी सांगलीला होती. आम्ही इथे होतो. फोटो नंतर जोडला." भावाला वाचता येत नाही, म्हणून तिनं त्याला वाचून दाखवलं. मग दोघांनी आजीला फोन लावून फोटो दाखवला. आजी म्हणाली, "मला बसवलंत ते बरं केलंत, पण उशी तरी द्यायची पाठीला!"

उशी घालायचं काम सध्या चालू आहे. आणि हो, रांगोळीचा फोटो मंडळाला दिला तेव्हा त्याखालीही तीन ओळी होत्या. या अंकात तो छापला गेलाच, तर लाकडातल्या गाठी मोजून बघा.