कंपनी बुडाली की आधी पैसे कुणाला? शेअरवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी

शेअर १७ रुपयांवर आला आहे, आधी ६०० वर होता, आता नवा मालक येतोय, म्हणजे वर जाणारच. गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा सल्ला आजही फिरतो. पण दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या बाबतीत हा हिशोब साफ चुकतो. नवा मालक आला आणि कंपनी वाचली, तरी जुन्या शेअरवाल्याच्या हातात शून्य येऊ शकतं. दिवाण हाऊसिंग फायनान्स, म्हणजेच डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीत नेमकं हेच घडलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये हा शेअर ६०० रुपयांच्या वर होता. त्याच महिन्यात २१ तारखेला तो एकाच दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. पुढे कंपनीला कर्जाचे हप्ते फेडता येईनात. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं आणि डिसेंबरमध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत गेलं. या सगळ्या काळात शेअरची खरेदी-विक्री मात्र चालूच होती.

७ जून २०२१ ला एनसीएलटीने पिरामल समूहाची योजना मंजूर केली. ही बातमी आल्यावर शेअरला वरचं सर्किट लागलं, लोकांनी आणखी खरेदी केली. त्यानंतर आठवडाभरातच, १४ जूनपासून, व्यवहार बंद झाले. योजनेत जुन्या शेअरची किंमत शून्य धरली होती. सगळे जुने शेअर रद्द झाले आणि कंपनी बाजारातून डीलिस्ट झाली. शेवटचा भाव सुमारे १७ रुपये होता. ज्यांनी तो 'स्वस्त' म्हणून घेतला, त्यांचे तेही गेले.

असं का होतं?

हे समजायला सातबारा आठवावा. जमिनीवर बँकेचा बोजा असेल आणि जमीन विकली गेली, तर आधी बँकेचं कर्ज फिटतं. काही उरलं तरच ते मालकाच्या हातात पडतं. शेअरवाला हा कंपनीचा छोटा मालक असतो. कंपनीला त्याने कर्ज दिलेलं नसतं, भांडवल दिलेलं असतं. म्हणून त्याचा हक्क फक्त उरलेल्या पैशावर.

कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकली, तर पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे हे २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातल्या कलम ५३ मध्ये लिहिलं आहे. पहिल्यांदा या सगळ्या प्रक्रियेचा खर्च निघतो. त्यानंतर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका, हे दोघे एकाच पायरीवर येतात. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. त्यानंतर सरकारी कर, मग माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांसारखी उरलेली देणी. त्याखाली प्रेफरन्स शेअरवाले आणि अगदी तळाला साधे शेअरवाले. कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी फंड या वाटणीत धरलेच जात नाहीत, ते वेगळे राहतात.

आता आकड्यात बघू. समजा, एका कंपनीची मालमत्ता विकून १०० कोटी आले. प्रक्रियेचा खर्च ५ कोटी गेला, उरले ९५ कोटी. कामगारांचे १० कोटी आणि बँकांचे १२० कोटी, असे त्या पायरीवर १३० कोटी द्यायचे आहेत. ९५ कोटी त्यांच्यातच प्रमाणात वाटले जातात, म्हणजे रुपयाला साधारण ७३ पैसे. इथेच पैसा संपला. खालच्या कुणालाच काही नाही. वरच्या पायरीचं देणं पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या पायरीला एक रुपयाही उतरत नाही.

डीएचएफएल मोडीत निघाली नव्हती, ती दुसऱ्याने विकत घेतली होती. तरी परिणाम तोच झाला. मान्य झालेली देणी सुमारे ८७ हजार कोटींची होती आणि सगळ्या कर्जदात्यांना मिळून आले सुमारे ३८ हजार कोटी. बँकांचंच पूर्ण फिटलं नाही, मोठ्या मुदत ठेवीदारांनाही पूर्ण रक्कम मिळाली नाही, मग शेअरवाल्यापर्यंत काय येणार? प्रवर्तकांचे शेअरही शून्यच झाले. सेबीचा नियमही असाच आहे. दिवाळखोरीतून डीलिस्ट होताना, कलम ५३ च्या क्रमाने देणी फेडल्यावर शेअरच्या वाट्याला जी किंमत येईल, त्यापेक्षा कमी देता येत नाही. पण ती किंमतच शून्य निघाली, तर शून्य देणं नियमात बसतं.

क्वचित थोडंफार उरतंही. रुची सोया कंपनी पतंजलीने घेतली, तेव्हा जुन्या शेअरवाल्यांना दर १०० शेअरमागे १ शेअर मिळाला. पण असं मिळेलच, असा हक्क कुणालाच नसतो.

प्रत्येक डीलिस्टिंग म्हणजे बुडणं नव्हे

काही वेळा चांगली चालणारी कंपनीच स्वतःहून बाजारातून बाहेर पडते. तेव्हा प्रवर्तकाला पैसे मोजून लोकांचे शेअर विकत घ्यावे लागतात. मुदतीत विकायचं राहिलं, तर डीलिस्ट झाल्यावरही किमान एक वर्ष त्याच भावाने प्रवर्तकाला शेअर देता येतात. ते वर्ष संपलं की मात्र गिऱ्हाईक शोधणं अवघड होतं.

नियम न पाळल्याबद्दल शेअर बाजार एखाद्या कंपनीला हाकलतो, तो तिसरा प्रकार. यात स्वतंत्र मूल्यांकन करणारा जो भाव ठरवेल, त्या भावाने प्रवर्तकाने शेअर घ्यायचे असतात. पण जी कंपनी साधी कागदपत्रं भरत नाही, तिच्या प्रवर्तकाकडून पैसे वसूल करणं सोपं नसतं.

ओळखायचं कसं?

शेअर घेण्याआधी बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून Corporate Announcements उघडावं. तिथे NCLT, CIRP किंवा Resolution Professional हे शब्द दिसले, तर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असू शकते. ती घोषणा पूर्ण वाचावी. कंपनी प्रक्रियेत असेल, तर भाव किती पडला हे बघण्यापेक्षा देणी किती आणि बोली किती, हे दोन आकडे बघावेत. बोली देण्यांपेक्षा बरीच कमी असेल, तर शेअरला काही उरण्याची आशा धरू नये.

ज्यांची अशा कंपनीत मुदत ठेव किंवा डिबेंचर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. ते कर्जदाते ठरतात. जाहीर सूचनेतल्या मुदतीत त्यांनी आपला दावा अर्ज भरून द्यावा. शेअरवाल्याला मात्र शेअरच्या पैशासाठी असा दावा करता येत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की. शेअरचे पूर्ण पैसे भरलेले असतील, तर कंपनीच्या कर्जासाठी बँक शेअरवाल्याच्या दारात येत नाही. घातलेली रक्कम जाते, त्यापलीकडे घरादाराला, जमिनीला धक्का लागत नाही. पण तोच शेअर घ्यायला सोसायटीचं किंवा सोन्यावरचं कर्ज काढलं असेल, तर शेअर शून्य झाला तरी ते कर्ज फेडावंच लागतं.