ओटीपी कुणीच मागितला नव्हता

आमच्या आईने ओटीपी कुणाला दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही की कुठलं अ‍ॅप डाउनलोड केलं नाही. कॉल लावला की आधी ऐकू यायची ती सायबर गुन्ह्यांची सूचना तिला पाठ होती. तरी एका शनिवारी दुपारी कशेळीतल्या आमच्या घरात बसून तिने स्वतःच्या हाताने पिन टाकून १८,००० रुपये एका अनोळखी माणसाला पाठवले. ही गोष्ट सांगितली की माझ्या वयाचे लोक हमखास म्हणतात, "अरे, पण त्यांना कळायला नको का?" भांडण या प्रश्नाशीच आहे. तिला फसवायला लागलेलं सगळं सामान इंटरनेटवर आम्ही दोघा भावांनी आणि आमच्या चुलतबहिणीने टाकलेलं होतं.

धाकटा भाऊ त्या दिवशी हरिश्चंद्रगडावर होता. पुरुषाचा आवाज, धाप लागलेली. "काकू, मी दाद्याचा मित्र बोलतोय. गडावरून उतरताना त्याचा पाय घसरलाय, राजूरला दवाखान्यात आणलंय. त्याचा फोन दरीत गेला." दाद्या हे घरातलं नाव. ऑफिसात, कॉलेजात त्याला कुणी तसं हाक मारत नाही. आई म्हणते, ते नाव ऐकलं आणि पुढचं काही तपासायचं सुचलंच नाही. तिने भावाला फोन लावून पाहिला, तो बंद. अ‍ॅडमिट करून घ्यायला पैसे भरायचे आहेत म्हणून व्हॉट्सॅपवर क्यूआर कोड आला. १८,००० गेल्यावर अर्ध्या तासाने आणखी २५,००० मागितले. तेवढ्यात मी घरी पोचलो म्हणून ते वाचले.

१९३० ला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकायच्या आत हा फोन झाला तर रक्कम रोखता येते. आमचे सरकले होते. भाऊ रविवारी रात्री धडधाकट परत आला आणि आधी जेवायला काय आहे ते विचारलं.

त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो. त्या माणसाने नेमकं काय केलं हे मला कधीच कळणार नाही, पण बाहेरच्या माणसाला काय काय सापडू शकतं ते पाहायचं होतं. सुरुवात झाली माझ्याच करामतीपासून. आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. तिचं पोस्टर मी केलं होतं आणि फेसबुकच्या पाच-सहा ग्रुपमध्ये टाकलं होतं. त्यावर तिचं नाव, मोबाइल नंबर, 'कशेळी, ठाणे-भिवंडी रोड', शिवाय टॉवर आणि फ्लॅट नंबर. नंबर यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. व्हॉट्सॅपवर तिचा डीपी आमच्या वास्तुशांतीचा, सगळं कुटुंब पाटावर ओळीने. पूर्ण नाव फेसबुकवर शोधलं तर मुलगे म्हणून आम्ही दोघं जोडलेले. भावाच्या भिंतीवर चुलतबहिणीची जुनी पोस्ट, 'हॅपी बर्थडे दाद्या', खाली आईला टॅग. आणि भावाच्या इन्स्टाग्रामवर, जे सगळ्या जगाला उघडं होतं, शुक्रवार रात्रीची स्टोरी: पाचनईचं ठिकाण आणि 'दोन दिवस नो नेटवर्क'. मला यासाठी ४० मिनिटं लागली, आणि मी या धंद्यातला नाही.

यातली एकही गोष्ट 'गोपनीय' नाही. म्हणूनच आधार, पॅन, ओटीपी जपा एवढाच सल्ला अपुरा पडतो. ते आकडे चोराला खात्यात शिरायला लागतात. फोनवर खरं वाटायला त्याला वेगळंच लागतं: कोण कुणाचं काय लागतं, घरात काय म्हणतात, आणि आत्ता कोण कुठे आहे. शिवाय त्याला सगळं माहीत असावंही लागत नाही. आईकडून तो कॉल दोन-तीनदा वदवून घेतला तेव्हा कळलं, की कुठला पाय, आधी दुखावला होता तोच का, सोबत ऑफिसातला तो उंच मुलगा आहे का, हे सगळं तिनेच विचारलं होतं. तो फक्त "हो काकू, तोच" म्हणत गेला. दोन खरे धागे त्याचे, बाकीचं वस्त्र घाबरलेल्या आईने स्वतःच विणलं.

या धाग्यांमध्ये सगळ्यात घातक कुठला, तर ती स्टोरी. टोपणनावाने विश्वास बसला, पण पडताळणीचा रस्ता बंद केला तो 'दोन दिवस नो नेटवर्क'ने. फोन बंद लागणार हे चोराला आधीच माहीत होतं आणि तो बंद लागणं हाच त्याचा पुरावा ठरला. तेच फोटो सोमवारी टाकले असते तर त्याच्या दृष्टीने रद्दी. म्हणून फोटो टाकू नका असं मी म्हणतच नाही, घरी येऊन टाका. विमानतळावरचा बोर्डिंग पास, परीक्षा हॉलबाहेरचा सेल्फी, ऑपरेशनआधीचा सलाइनचा हात, सगळ्याला हाच नियम.

टोपणनाव मात्र शिळं होत नाही. नाती आणि नंबर एका जागी भेटू न देणं एवढंच हातात असतं. फेसबुकवर कुटुंबाच्या रकान्यापुढे Only me करता येतं, जुन्या उघड्या पोस्ट Limit past posts ने एका फटक्यात मित्रांपुरत्या होतात, आणि आपल्याला टॅग केलेलं आधी तपासून मग भिंतीवर येऊ देता येतं. पण यालाही मर्यादा आहे. टॅग नाकारला तरी चुलतबहिणीची पोस्ट तिच्या भिंतीवर राहतेच. तिला फोन करूनच ती काढायला लावावी लागली, आणि तिला थोडा रागही आला. अकाउंट प्रायव्हेट केलं, तरी ९०० फॉलोअर्समधले ६०० कोण हे भावाला सांगता आलं नाही. त्याने आता प्रवासातल्या स्टोरीसाठी Close Friends मध्ये ११ जण ठेवलेत.

फराळाचा नंबर तर लपवून चालणारच नाही, ऑर्डर कशी येणार? त्यासाठी दुसरं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॅप बिझनेस, डीपीला चकली. घराच्या नंबरवरचा डीपी फक्त My contacts ना दिसतो. पोस्टरवर फ्लॅट नंबर नाही. पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर सांगायचा.

एवढं करूनही पत्ता आणि नंबर बाहेर जातोच. आमच्या कशेळी-काल्हेर पट्ट्यात गोदामांची रांग आहे, आणि फाडून फेकलेल्या पार्सलच्या खोक्यांवर नाव-पत्ता रोज रस्त्यावर दिसतो. त्यामुळे 'याला माझी माहिती आहे' हा ओळखीचा पुरावा मानणं आईने सोडलंय. ट्रेकला निघताना भाऊ सोबतच्या दोघांचे नंबर आणि गावातल्या जेवणवाल्या घराचा नंबर फ्रिजवर लावून जातो. शिवाय एक प्रश्न ठरलाय. आधी आम्ही मांजराचं नाव ठरवत होतो, मग लक्षात आलं की मांजराच्या नावाचं इन्स्टा अकाउंटच आहे. जो प्रश्न ठरला तो इथे लिहिणार नाही.

मागच्या महिन्यात भाऊ पुन्हा ट्रेकला गेला, गुरुवारी पहाटे. फोटो रविवारी रात्री आले. आईने घरच्या ग्रुपवर बदाम टाकला आणि खाली लिहिलं, "दाद्या, ओले बूट गॅलरीत ठेव." मग आठवलं तसं 'दाद्या' खोडून पुन्हा पाठवलं. आम्ही तिला सांगितलं, या ग्रुपमध्ये आपण चौघंच आहोत, इथे चालतं.