सरसकट भागाकार पुरे झाला!

मंडळी, बुकीचे भाव उलटे करायचे, बेरजेने भागायचं आणि त्याला 'खरी शक्यता' म्हणायचं, हे बंद करा राव!

समजा, फुटबॉल सामन्याचे भाव आहेत: यजमान १.२५, बरोबरी ६, पाहुणे १२. उलटे केले की ८०, १६.७ आणि ८.३ टक्के, बेरीज १०५. वरचे ५ म्हणजे बुकीचं मार्जिन. भागल्यावर उरतात ७६.२, १५.९, ७.९. म्हणजे मार्जिन तिघांवर सारख्याच प्रमाणात आहे, असं तुम्ही गुपचूप गृहीत धरलंत! प्रत्यक्षात दुबळ्या संघाच्या भावात ते बहुधा जास्त दडलेलं असतं.

त्यापेक्षा तिन्ही आकडे दशांशात घेऊन, बेरीज १ येईल असा एकच घात शोधा. इथे तो साधारण १.०७८, उत्तर ७८.६, १४.५, ६.९. हेही गृहीतकच. म्हणून जुन्या सामन्यांवर दोन्हींचा लॉग-लॉस काढा, मग भांडायला या.