पेनल्टी शूटआउट : अकरा मीटरांवरचे मन

दिनांक २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद एफसी हे संघ समोरासमोर होते. ६८ व्या मिनिटाला राहुल के. पी. याने केरळला आघाडी मिळवून दिली आणि ८८ व्या मिनिटाला साहिल तवोरा याने बरोबरी साधली. जादा वेळेतही १-१ ही कोंडी फुटली नाही. म्हणून निर्णय पेनल्टी शूटआउटवर गेला. गोव्याचेच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी केरळच्या तीन खेळाडूंचे फटके अडविले आणि हैदराबादने ३-१ अशी बाजी मारली. एरवी चारांपैकी साधारण तीन पेनल्टी गोलात जातात. त्या रात्री आठ खेळाडूंपैकी चारच यशस्वी झाले. असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अंतराचा हिशेब पाहू. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरांवर असतो. गोलची रुंदी ७.३२ मीटर व उंची २.४४ मीटर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. चेंडू निघाल्यावर त्याची दिशा पाहून मग कोपऱ्यापर्यंत झेप घेण्यास एवढा अवधी पुरत नाही. म्हणून गोलरक्षकाला फटक्यापूर्वीच अंदाज बांधून झेपावणे भाग पडते. याचा अर्थ असा की, कोपऱ्यात जोराने व नेमका मारलेला चेंडू बहुधा अडत नाही. बाजू मारणाऱ्याची भक्कम असते आणि म्हणूनच त्याच्यावरील भार मोठा असतो. गोलरक्षकाने चेंडू अडविला नाही तर त्याला कोणी दोष देत नाही. मारणाऱ्याने संधी दवडली तर ती वर्षानुवर्षे स्मरणात राहते.

चेंडूकडे धावत येण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत खेळाडू चेंडू ठेवण्यापूर्वीच कोपरा ठरवितो, ठरलेली पावले मागे जातो आणि गोलरक्षक काय करतो याकडे लक्ष न देता तेथेच फटका मारतो. दुसऱ्या रीतीत तो संथ गतीने, कधी अडखळल्यासारखा किंवा लहानशी उडी घेऊन येतो, गोलरक्षकाचा तोल कोणत्या बाजूस झुकतो हे पाहतो आणि विरुद्ध बाजूस चेंडू सोडतो. धावेत हुलकावणी देण्यास नियमांची हरकत नाही. मात्र धाव पूर्ण झाल्यावर फटक्याचा खोटा आव आणला तर तो गुन्हा ठरतो.

दुसरी रीत पाहावयास मोहक आहे, परंतु तिच्या यशाची किल्ली गोलरक्षकाच्या हाती असते. तो लवकर हलला तर गोल जवळपास रिकामा मिळतो. तो शेवटपर्यंत स्थिर राहिला तर मारणाऱ्याला अखेरच्या अर्ध्या सेकंदात कोपरा निवडावा लागतो, आणि तोपर्यंत आधारपाय चेंडूशेजारी पडत आलेला असतो. उशिरा बदललेला फटका बहुधा कमकुवत किंवा दिशाहीन होतो. इटलीचा जॉर्जिन्यो याचे उदाहरण बोलके आहे. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीत स्पेनविरुद्ध त्याने आपल्या प्रसिद्ध उडीने गोलरक्षकाला चकवून निर्णायक गोल केला. पाचच दिवसांनी अंतिम सामन्यात तीच उडी घेऊन तो आला, तेव्हा इंग्लंडच्या पिकफर्डने त्याचा फटका अडविला. इटलीने तो सामना जिंकला ही गोष्ट वेगळी.

आता दडपणाकडे वळू. नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतील शूटआउट बारकाईने तपासले. ज्या फटक्याने गोल झाला तर संघ तत्काळ जिंकणार होता, त्यांतील सुमारे ९२ टक्के यशस्वी ठरले. ज्या फटक्याची चूक तत्काळ पराभव घडविणार होती, त्यांत यश सुमारे ६२ टक्क्यांवर आले. चेंडू तोच आणि अंतरही तेच. फरक केवळ मनात कोणते चित्र आहे याचा. लाभासाठी मारणे आणि हानी टाळण्यासाठी मारणे या दोन निराळ्या मनःस्थिती आहेत.

हाच हिशेब फातोर्ड्यात मांडून पाहू. प्रत्येकी तीन फटके झाले तेव्हा हैदराबाद २-१ असे पुढे होते. केरळतर्फे चौथा फटका जीक्सन सिंगचा होता. तो चुकला असता लगेच पराभव होणार नव्हता, परंतु पुढील फटक्यावर हैदराबादला सामना संपविण्याची संधी मिळणार होती. कट्टीमणींनी तो अडविला. मागोमाग हालिचरण नार्झारी आला; त्याच्यापुढे केवळ ‘गोल झाला की विजेतेपद’ हे एकच गणित होते आणि त्याने गोल केला. एका रात्रीवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, तथापि गुणफलक प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे ओझे कसे देतो, हे येथे स्पष्ट दिसते.

त्याच रात्रीचा निशू कुमारचा प्रसंग अधिक कठीण होता. त्याचा फटका अडविला गेला. पण गोलरक्षकाने वेळेआधी रेषा सोडल्यामुळे पंचांनी तो पुन्हा घेण्यास सांगितले. फटका मारला जाताना गोलरक्षकाचे निदान एक पाऊल रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे असावे लागते. वरवर पाहता ही दुसरी संधी म्हणजे लाभच. परंतु खेळाडूपुढे नवा पेच उभा राहतो : तोच कोपरा धरावा की बदलावा? त्याने काय विचार केला असेल, याचा अंदाज गोलरक्षकही घेत असतो. कट्टीमणींनी दुसरा फटकाही अडविला. अशा वेळेसाठी दुसरा कोपरा कोणता, हेही सामन्यापूर्वीच ठरलेले असेल, तर निदान द्विधा तरी उरत नाही.

दडपण आल्याची खूण प्रेक्षकालाही ओळखता येते. चेंडू ठेवून खेळाडू गोलरक्षकाकडे पाठ करून मागे जातो, आणि पंचांची शिट्टी वाजताच क्षणाचाही विलंब न लावता धावत सुटतो. हा प्रसंग एकदाचा संपावा, ही त्यामागील इच्छा असते. शिट्टीनंतर एखादा सेकंद थांबून निघणाऱ्यांचे यश घाईने निघणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे योर्डेट यांच्या निरीक्षणात आढळले. मात्र विराम स्वतःचा असावा. गोलरक्षकाने लादलेला विलंब उलट घातक ठरतो. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या मार्टिनेझने चेंडू दूर फेकला आणि फ्रान्सच्या चुआमेनीला तो आणण्यास जावे लागले. त्याचा फटका गोलबाहेर गेला. पुढे २०२३ मध्ये नियमांत अशा विलंबाला स्पष्ट मनाई करण्यात आली.

आपल्या कड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांनाही याचा सराव करता येईल. केवळ ३६ फुटांवरून चेंडू मारत राहणे पुरेसे नाही. मैदानाच्या मध्यापासून एकट्याने चालत यावे. पूर्ण मैदानावर हे अंतर चाळीस मीटरांहून अधिक असते आणि शंका बहुधा याच वाटेवर मनात शिरते. कोपरा निघतानाच ठरवावा, पावले प्रत्येक वेळी मोजून तेवढीच ठेवावीत, शिट्टीनंतर एक श्वास घ्यावा आणि मग नजर चेंडूवर ठेवून फटका मारावा. गर्दीचा कोलाहल सरावात निर्माण करता येत नाही, हे खरे. परंतु पावले आणि श्वास सरावाचे असले, तर त्या कोलाहलात नव्याने ठरवावयाचे फारसे काही उरत नाही.