अर्ज पोचला, पॅक नाही

गेल्या महिन्यात पिंपरीच्या एका वाचकाने मोडेमचा लॉग पाठवला. त्यांच्या कंपनीचं शीतगृहातलं तापमान मोजणारं यंत्र येकातेरिनबुर्गमधल्या एका गोदामात बसवलेलं आहे. आत स्थानिक ग्राहकाच्या नावावरचं रशियन सिम. यंत्र स्वतःच शिल्लक पाहतं आणि डेटा संपत आला की स्वतःच पॅक घेतं. एका रात्री त्याने तोच पॅक तीनदा घेतला. खात्यात ६४० रूबल होते, पॅक १५० चा, सकाळी उरले १९०. "मोबाइल कंपनीने लुबाडलं," असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. लॉग वाचल्यावर चूक कुणाची ते कळलं. सिमवर चालणारी यंत्रं बसवणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या प्रोग्राममध्ये ती आत्ताही असेल, म्हणून या महिन्याची ही जागा त्या लॉगला.

सुरुवात शिल्लक पाहण्यापासून. रशियात एमटीएस आणि मेगाफोनवर `*100#`, बीलाइनवर `*102#`, आणि पूर्वीच्या टेले२ वर `*105#`. हे कोड यूएसएसडीचे. ते डेटावर चालत नाहीत, सिग्नलिंगवर चालतात. त्यामुळे डेटा संपलेला असला तरी उत्तर येतं, आणि पॅक घेण्यासाठी हा रस्ता निवडण्याचं खरं कारण तेच आहे. मोडेमवर ते असं दिसतं:

```
AT+CUSD=1,"*100#",15
+CUSD: 0,"04110430043B0430043D04410020003400320440002E",72
```

शेवटचा ७२ म्हणजे मजकूर यूसीएस२ मध्ये आहे. प्रत्येक अक्षराला चार हेक्स अंक, आणि रशियन अक्षरं सगळी `04` ने सुरू होतात. `04` पुन्हा पुन्हा दिसला की समोर रशियन मजकूर आहे हे डीकोड न करताही ओळखता येतं. `0411` म्हणजे Б, `0430` म्हणजे а. पूर्ण वाचलं तर `Баланс 42р.`, म्हणजे शिल्लक ४२ रूबल. काही जुन्या ह्युवेई डोंगलना मात्र `*100#` साधं लिहून चालत नाही, सात-बिटांत आवळून `AA180C3602` असं द्यावं लागतं. डोंगल नुसताच एरर देत असेल तर सिमला दोष देण्याआधी हे करून पाहावं. मोडेम फक्त एलटीईवर अडकवून ठेवलेला असला तरी बऱ्याचदा नकारच येतो, कारण यूएसएसडीसाठी तो टूजी किंवा थ्रीजीवर उतरू शकत नाही.

रक्कम वाचतानाही एक खाच आहे. रशियात दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. `42,50` म्हणजे साडेबेचाळीस. आपल्याकडच्या सवयीने स्वल्पविराम गाळून टाकणाऱ्या प्रोग्रामला खात्यात चार हजार अडीचशे रूबल दिसतात आणि तो निर्धास्त होतो. शिवाय ही शिल्लक पैशांची. पॅकमधला किती डेटा उरला ते वेगळं विचारावं लागतं. खात्यात भरपूर रूबल आणि डेटा शून्य, असं सर्रास होतं.

आता खरेदी. यूएसएसडीच्या एका संदेशात १६० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १८२ अक्षरं बसतात, सिरिलिकमध्ये फक्त ८०. एवढ्याशा जागेत पॅकचं नाव, किंमत, मुदत आणि "होय की नाही" कसं मावणार? म्हणून मेनू तुकड्यातुकड्यांत येतो. `+CUSD: 1` आलं तर पलीकडचा आपल्या आकड्याची वाट पाहतोय, `+CUSD: 0` आलं तर संवाद संपला. आकडा पाठवायचा तोही त्याच आज्ञेने, `AT+CUSD=1,"2",15` असा. इथे पाठ केलेले आकडे डोळे मिटून पाठवू नयेत. कंपनीने मेनूत मध्येच एक ओळ घुसवली की कालचा २ आज ३ होतो. त्याच मेनूत बहुधा `Обещанный платёж` (अबेशान्नी प्लात्योझ) ही ओळही असते. ती दाबली गेली तर पॅक मिळत नाही, मिळते उधारी, आणि तिच्यावर सहसा शुल्क लागतं. प्रोग्रामने आधी ओळीतला शब्द वाचावा, मग आकडा ठरवावा. `Подключить` (पद्क्ल्युचीत्) म्हणजे सुरू करा, `Отключить` (अत्क्ल्युचीत्) म्हणजे बंद करा. पहिली दोन-तीन अक्षरं सोडली तर दोन्ही शब्द सारखेच, त्यामुळे नुसतं शेपूट जुळवून चालणार नाही. पॅकचे थेट कोड मुद्दाम छापत नाही, योजना बदलल्या की तेही बदलतात.

आता त्या रात्रीकडे. यंत्राने पॅकचा कोड पाठवला, उत्तर आलं `+CUSD: 0`, आणि मजकूर होता `Заявка принята` (झायाव्का प्रिन्याता). अर्थ एवढाच की अर्ज स्वीकारला. पॅक सुरू झाला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तपासणी मागे कुठेतरी होते, पैसे कापले जातात, आणि मग एसएमएस येतो की सुरू झालं, किंवा `Недостаточно средств`, पैसे अपुरे. यंत्राने एक मिनिट थांबून उरलेला डेटा पाहिला. पॅक दिसला नाही, म्हणून पुन्हा अर्ज. पुन्हा एक मिनिट, पुन्हा अर्ज. रांगेत तीन अर्ज उभे राहिले आणि तिन्ही मंजूर झाले. कंपनीने मागितलं तेवढंच दिलं.

मग एसएमएस का दिसले नाहीत? इथे लॉगची दुसरी गंमत. `AT+CPMS?` ला मोडेमचं उत्तर होतं की सिमवरच्या सगळ्या जागा भरलेल्या आहेत. महिनोन्‌महिने आलेल्या जाहिराती कुणी पुसल्याच नव्हत्या. जागा नसेल तर नवा एसएमएस नेटवर्कमध्येच ताटकळत राहतो. वाचकांनी सकाळी जुने संदेश पुसले तेव्हा तिन्ही पावत्या एकामागून एक आल्या. त्यातही सिरिलिक एसएमएस ७० अक्षरांचा, लांब असला तर ६७-६७ चे तुकडे, म्हणजे जागा दुप्पट वेगाने भरते.

आम्ही त्यांना कळवलेला क्रम असा. अर्ज करण्याआधी एसएमएसची जागा मोकळी करा आणि शिल्लक लिहून ठेवा. अर्ज एकदाच करा, वेळ नोंदवा, मग एसएमएसची वाट पाहा. एसएमएस आला नाही तर शिल्लक पुन्हा पाहा. ६४० चे ४९० झाले असतील तर पॅक घेतला गेला आहे, डेटाचा आकडा अजून शून्य दाखवत असला तरी. रक्कम हललीच नसेल तरीही लगेच दुसरा अर्ज नको, कपात उशिरा होऊ शकते. आणि हे सगळं डेटा संपल्यावर नाही, दोन दिवस पुरेल एवढा शिल्लक असताना करावं, म्हणजे थांबायला सवड राहते.

वाचकांनी प्रोग्राममधली पुन्हा पाठवण्याची ओळ काढून टाकली आहे. आता एक अर्ज जातो, तासाभरात पावती आली नाही तर यंत्र गोदामातल्या माणसाला एसएमएस करतं, आणि तो सकाळी शिल्लक पाहतो, ती हललीच नसेल तरच मेनू उघडून हाताने पॅक घेतो.